शून्य रक्तदाबाच्या पस्तीस बायका

७६८ बायकांचा एक तक्ता आहे. त्यातल्या ३५ जणींचा रक्तदाब शून्य आहे. अकरा जणींचा बीएमआय शून्य आहे, म्हणजे त्यांना वजनच नाही. पाच जणींच्या रक्तात साखर शून्य, २२७ जणींच्या दंडावरच्या कातडीची जाडी शून्य आणि ३७४ जणींचं इन्सुलिन शून्य. या सगळ्या जिवंत होत्या, स्वतःच्या पायांनी तपासणीला आल्या होत्या.

हा तक्ता डेटा सायन्स शिकणाऱ्या जवळजवळ प्रत्येकाच्या हाताखालून गेलेला असतो. आपल्याकडच्या इंजिनिअरिंग कॉलेजांतही ‘मधुमेहाचं भाकीत’ नावाचा प्रोजेक्ट बहुतेक वेळा याच आकड्यांवर बेतलेला असतो. या बायका अमेरिकेतल्या ॲरिझोना राज्यात, फिनिक्स शहराजवळ गिला नदीकाठी राहणाऱ्या पिमा या आदिवासी समाजातल्या आहेत. ते स्वतःला अकिमेल ओओदाम म्हणवतात. या समाजात टाइप टू मधुमेहाचं प्रमाण फार मोठं असल्यामुळे अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेने १९६५ पासून तिथे वर्षानुवर्षं तपासण्या केल्या. त्यातून २१ वर्षांवरच्या ७६८ स्त्रियांच्या नोंदी निवडल्या गेल्या आणि १९८८ साली एका शोधनिबंधात वापरल्या गेल्या. प्रश्न असा होता की, तपासणीनंतर पाच वर्षांच्या आत कोणाला मधुमेह होईल हे आधी सांगता येईल का? ७६८ पैकी २६८ जणींना मधुमेह असल्याची नोंद आहे. पुढे हा तक्ता कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सार्वजनिक संग्रहात आला आणि तिथून जगभर पसरला. त्या संग्रहाच्या सूचीत लिहिलं होतं की यात एकही आकडा गहाळ नाही.

कागदोपत्री ते खरंच होतं, कारण एकही चौकट रिकामी नव्हती. जिथे मोजमाप झालं नव्हतं तिथे कोणीतरी शून्य भरलं होतं.

गहाळ आकडा रिकाम्या चौकटीच्या रूपात समोर आला तर तो दिसतो आणि मग त्याचं काय करायचं ते ठरवता येतं. तो शून्याच्या वेषात आला तर संगणक त्याला मुकाट्याने बेरजेत घेतो. शून्य धरून इन्सुलिनची सरासरी काढली तर ती ८० च्या आसपास येते. शून्यं बाजूला काढली तर तीच सरासरी १५५ वर जाते. गंमत म्हणजे याच तक्त्यात गर्भारपणांच्या रकान्यातही १११ शून्यं आहेत आणि ती अगदी खरी आहेत, कारण एकदाही गरोदर न राहिलेली बाई असू शकते. शून्य खरं की खोटं हे कोणतंही सूत्र सांगत नाही. तो रकाना कशाचा आहे हे माहीत असलेला माणूसच ते सांगू शकतो.

इथे आउटलायरची, म्हणजे घोळक्यापासून फार दूर पडलेल्या आकड्यांची, नेहमीची चाचणी लावून पाहण्यासारखी आहे. सगळे आकडे चढत्या क्रमाने लावायचे, मधल्या निम्म्या आकड्यांची रुंदी काढायची आणि त्या रुंदीच्या दीडपटीहून जास्त बाहेर जो आकडा पडेल त्याला संशयित ठरवायचं. पाठ्यपुस्तकात शिकवतात ती पद्धत हीच. इन्सुलिनच्या रकान्याला ती शून्यांसकट लावली तर जवळजवळ निम्मे आकडे शून्य असल्यामुळे खालची कड शून्यावरच बसते, वरची १२७ वर, आणि संशयाची रेषा साधारण ३१८ वर पडते. म्हणजे शक्यच नसलेली ३७४ शून्यं चाचणीतून सहज सुटतात आणि ३३० किंवा ३५० इन्सुलिन असलेल्या खऱ्याखुऱ्या बायका संशयित ठरतात. चोर सोडून संन्याशाला फाशी ती हीच. त्यामुळे आधी अशक्य आकडे ओळखून ते गहाळ म्हणून मोकळे करायचे आणि मगच आउटलायर शोधायचे. हा क्रम उलटा झाला की पुढचं सगळंच बिघडतं.

शून्यं काढल्यावर जे टोकाचे आकडे उरतात, त्यातले दोन मला फार बोलके वाटतात. एक आहे ८४६ हे इन्सुलिन, साऱ्या तक्त्यात सर्वांत मोठं. ते पाहून हात लगेच खोडण्याकडे जातो. पण त्या बाईची सगळी ओळ वाचा. वय ५९, ग्लुकोज घेतल्यावर दोन तासांनी साखर १८९, बीएमआय ३०, आणि मधुमेह आहे. शरीर इन्सुलिनला दाद देईनासं झालं की स्वादुपिंड आणखी इन्सुलिन ओतत राहतं, हे टाइप टू मधुमेहाच्या वाटेवरचं नेहमीचं चित्र आहे. ८४६ मोठा आहे, पण बाकीच्या ओळीशी त्याचं भांडण नाही. तो खोडायचा म्हणजे ज्या आजाराचा अभ्यास करायचा त्याचीच एक नोंद खोडायची. इन्सुलिनचे आकडे मुळातच एका बाजूला लांब शेपूट असलेले असतात. अशा वेळी आकडा उडवण्याऐवजी सगळा रकाना लॉगॅरिदममध्ये बदलला की ती शेपूट आवरते आणि ८४६ लाही आपली जागा मिळते.

दुसरा आकडा आहे ९९. दंडाच्या मागच्या बाजूची कातडी चिमटीत धरून कॅलिपरने तिच्या घडीची जाडी मिलिमीटरमध्ये मोजतात, त्या रकान्यातला. त्याच्या खालोखालचा आकडा एकदम ६३ आहे. या ९९ वाल्या बाईचा बीएमआय आहे ३४.७, म्हणजे ती लठ्ठ असली तरी या तक्त्यात असामान्य नाही. तक्त्यातल्या सर्वांत जाड बाईचा बीएमआय ६७.१ आहे आणि तिच्या कातडीची घडी ४६ मिलिमीटर आहे. तिच्या जवळपास निम्मा बीएमआय असलेल्या बाईची घडी तिच्या दुपटीहून जाड, हे पटत नाही. शिवाय ‘माहीत नाही’ असं लिहायला ९९ वापरायची जुनी रीत अनेक सर्वेक्षणांत असते. इथे तसंच झालं की टंकताना चूक झाली, हे आज कळायचं नाही. पण हा आकडा गहाळ मानणं मला योग्य वाटतं. ८४६ ठेवायचा आणि ९९ काढायचा, हा निर्णय घोळक्यापासूनच्या अंतरावर झालेला नाही. तो ओळीतल्या शेजाऱ्यांना विचारून झाला आहे.

आता मुख्य प्रश्न. सगळी खोटी शून्यं मोकळी केल्यावर तक्त्यात ६५२ भोकं पडतात. एकूण चौकटी सहा हजारांवर, म्हणजे साधारण दहात एक चौकट रिकामी. याचं करायचं काय?

पहिला मार्ग सरळ आहे. ज्या ओळीत एकही भोक असेल ती अख्खी ओळ गाळायची. याला लिस्टवाइज डिलीशन म्हणतात, आणि बहुतेक सॉफ्टवेअर न विचारता हेच करतात. इथे ते केल्यावर ७६८ पैकी ३९२ ओळी उरतात. चौकटी दहात एक रिकामी होती, ओळी मात्र निम्म्या गेल्या, कारण प्रत्येक बाईला बाद करायला एकच भोक पुरतं. ज्या ३७६ जणी गेल्या, त्यांचं वय, साखर, गर्भारपणं, मधुमेह झाला की नाही हे सारं बहुतेकींचं नीट नोंदलेलं होतं. तेही सोबत गेलं.

निम्मी माणसं गेल्याचा पहिला तोटा म्हणजे अनिश्चितता वाढते. माहिती निम्मी झाली की अंदाजाच्या चुकीची मर्यादा साधारण चाळीस टक्क्यांनी रुंदावते. पण तो तोटा निदान उघड असतो. माणसं कमी म्हणून खात्री कमी, एवढंच. खरी भीती आहे ती उरलेली माणसं गेलेल्यांसारखी नसण्याची.

हे तपासायला फार काही लागत नाही. जी माहिती दोन्ही गटांत आहे तिची तुलना करायची. सर्व ७६८ जणींचं सरासरी वय ३३.२ आहे. उरलेल्या ३९२ जणींचं ३०.९. यावरून गाळलेल्यांचं काढलं तर ते ३५.७ निघतं. म्हणजे गाळलेल्या बायका उरलेल्यांपेक्षा जवळजवळ पाच वर्षांनी मोठ्या होत्या. उरलेल्यांची गर्भारपणंही सरासरीने कमी आहेत. मधुमेहींचं प्रमाण पूर्ण तक्त्यात ३४.९ टक्के, गाळल्यावर ३३.२ टक्के. फरक लहान दिसतो, पण तो काय सांगतो ते पाहा. इन्सुलिन कोणाचं मोजलं गेलं आणि कोणाचं नाही, हे नाणं उडवून ठरलेलं नव्हतं. वयाचा त्यात कुठेतरी हात होता.

अमेरिकन संख्याशास्त्रज्ञ डोनाल्ड रुबिन यांनी १९७६ साली या गोष्टीची मांडणी केली आणि आजही सगळे तीच वापरतात. आकडा गहाळ होण्याच्या तीन तऱ्हा असतात. पहिलीत तो निव्वळ योगायोगाने जातो, जसं प्रयोगशाळेत एखादी नळी फुटली. दुसरीत तो जाण्याची शक्यता आपल्याकडे नोंद असलेल्या दुसऱ्या कशावर तरी अवलंबून असते, उदाहरणार्थ वयावर. तिसरीत ती त्या न दिसणाऱ्या आकड्यावरच अवलंबून असते. समजा, कातडीची घडी इतकी जाड होती की कॅलिपरमध्ये धड बसली नाही, म्हणून जागा कोरी ठेवली. तिथे आकडा मोठा असल्यामुळेच तो नाही. ओळी गाळणं पहिल्या तऱ्हेत निर्धोक असतं, फक्त महाग पडतं. दुसऱ्या तऱ्हेत रिकाम्या जागा विचारपूर्वक भरता येतात, कारण वय वगैरे धागे हातात असतात. तिसऱ्या तऱ्हेत गाळा किंवा भरा, दोन्ही डळमळीतच. वयाच्या आकड्यांवरून आपल्या तक्त्यात पहिली तऱ्हा नाही एवढं दिसलं. दुसरी की तिसरी, हे नुसत्या तक्त्याकडे पाहून कधीच सिद्ध होत नाही. ते तपासणी करणाऱ्यांना विचारावं लागतं.

तरी ओळी गाळण्याला सरसकट नावं ठेवणाऱ्यांशी माझं पटत नाही. आकडा गहाळ होणं वय, साखर अशा कारणांवरच अवलंबून असेल, मधुमेह झाला की नाही या निकालावर नसेल, आणि ती कारणं सूत्रात घेतलेली असतील, तर उरलेल्या ओळींवरूनही त्यांचं नातं बरोबर काढता येतं. सरासऱ्या आणि टक्केवाऱ्या चुकतील, नातं चुकणार नाही. दहा हजारांतल्या शंभर ओळी अर्धवट असतील तर गाळून मोकळं व्हावं, कोणाचं काही बिघडत नाही.

दुसरा मार्ग जागा भरण्याचा, त्याला इम्प्युटेशन म्हणतात. यात सर्वांत लोकप्रिय आणि सर्वांत वाईट रीत म्हणजे सरासरी भरणं. तक्त्याच्या पहिल्या ओळीतली बाई ५० वर्षांची आहे, साखर १४८, बीएमआय ३३.६, पुढे मधुमेही. दुसऱ्या ओळीतली ३१ वर्षांची, साखर ८५, बीएमआय २६.६, मधुमेह नाही. दोघींचंही इन्सुलिन मोजलेलं नाही. सरासरी भरणारा दोघींनाही १५५.५ देतो. पन्नाशीच्या बाईला आणि तिशीतल्या निरोगी बाईला एकच आकडा, आणि असं ३७४ वेळा.

याने रकान्याची सरासरी हलत नाही, म्हणून सगळं ठीक वाटतं. बाकीचं मात्र मोडतं. मोजलेल्या बायकांमध्ये इन्सुलिनचं प्रमाण विचलन, म्हणजे आकडे सरासरीभोवती किती पसरले आहेत याचं माप, ११९ च्या आसपास होतं. भरल्यावर ते ८५ वर येतं. निम्म्या बायका एकाच खुंटीला बांधल्यावर पसारा आटणारच. साखर आणि इन्सुलिन यांचं एकमेकांशी असलेलं नातं मोजणारा सहसंबंध ०.५८ होता, तो ०.४२ वर घसरतो. ज्या दोन गोष्टींचं नातं शोधायला निघालो, तेच आपण आपल्या हाताने पुसलं. आणि सॉफ्टवेअरला वाटतं आपल्याकडे ७६८ खरी मोजमापं आहेत, त्यामुळे ते खोट्या आत्मविश्वासाने लहान चूक-मर्यादा छापतं.

याहून धोकादायक एक चलाखी आहे आणि ती इंटरनेटवर मुबलक सापडते. सगळ्यांना एकच आकडा बरा दिसत नाही म्हणून मधुमेह असलेल्या आणि नसलेल्या बायकांचे मध्यक वेगवेगळे काढायचे, असलेल्यांना १६९.५ आणि नसलेल्यांना १०२.५ भरायचं. त्यानंतर भाकिताची अचूकता एकदम वर उडते आणि विद्यार्थी खूश होतो. पण झालंय काय? ३७४ ओळींत इन्सुलिनच्या रकान्यात फक्त दोनच आकडे बसले आहेत आणि ते थेट निकालावरून लिहिलेले आहेत. यंत्राने मधुमेहाबद्दल काही शिकलेलं नाही. १६९.५ दिसलं की ‘हो’ म्हणायचं, इतकंच ते शिकलं. दवाखान्यात नवी बाई आली आणि तिचं इन्सुलिन मोजलेलं नसेल, तर तिला कोणता आकडा द्यायचा? तिला मधुमेह होणार की नाही हे कळल्याशिवाय तो देताच येत नाही, आणि तेच तर कळायचं आहे. एखाद्या प्रोजेक्टची अचूकता संशय यावा इतकी चांगली असेल तर इन्सुलिनच्या रकान्यात १०२.५ आणि १६९.५ पुन्हा पुन्हा येतात का ते पाहावं. चोरी तिथेच पकडली जाते.

मग नीट भरायचं कसं? पहिल्या ओळीतल्या बाईकडे परत जाऊ. तिचं वय, साखर, बीएमआय आपल्याला ठाऊक आहे. ज्यांचं इन्सुलिन मोजलेलं आहे अशांपैकी, या सगळ्या माहितीवरून ज्यांचा इन्सुलिनचा अंदाज तिच्या अंदाजाच्या अगदी जवळ येतो, अशा चारपाच बायका शोधायच्या. त्यांतली एक चिठ्ठी काढून निवडायची आणि तिचं खरं, मोजलेलं इन्सुलिन हिला उसनं द्यायचं. आकडा खऱ्या बाईचा असल्याने तो कधी उणे येत नाही आणि शक्यतेच्या बाहेर जात नाही. सगळी भोकं अशी भरली की एक पूर्ण तक्ता तयार होतो. समजा त्यात पहिल्या बाईला १८० मिळालं. मग हेच सगळं पुन्हा करायचं. दुसऱ्या तक्त्यात तिला २४० मिळेल, तिसऱ्यात १३०. असे वीस, पन्नास तक्ते करायचे. अर्धवट ओळी जितके टक्के तितके तक्ते असा एक ठोकताळा आहे, आणि आपल्याकडे त्या ४९ टक्के आहेत. प्रत्येक तक्त्यावर विश्लेषण वेगळं चालवायचं आणि शेवटी उत्तरांची सरासरी घ्यायची. चूक-मर्यादा काढताना मात्र दोन गोष्टी मिळवायच्या. एक, प्रत्येक तक्त्याच्या आतली नेहमीची अनिश्चितता. दुसरी, तक्त्यातक्त्यांच्या उत्तरांत पडलेला फरक. रुबिन यांनीच ही मल्टिपल इम्प्युटेशनची रीत घडवली आणि १९८७ साली तिच्यावर पुस्तक लिहिलं.

सगळं मर्म त्या दुसऱ्या फरकात आहे. एका बाईला १८०, २४०, १३० असे आकडे मिळत असतील, तर तिचं इन्सुलिन आपल्याला ठाऊक नाही ही गोष्ट हिशेबात उतरली. सरासरी भरणारा हेच लपवतो. भरलेल्या जागांमुळे नवं मोजमाप काही तयार होत नाही. फायदा इतकाच की गाळलेल्या ३७६ बायकांचं वय, साखर, मधुमेह ही खरी माहिती कामाला येते आणि वयाने पडलेला कल बऱ्याच अंशी सावरला जातो. आपल्या तक्त्यात अर्धं इन्सुलिनच नाही, म्हणून पन्नास तक्त्यांनंतरही इन्सुलिनबद्दलचं उत्तर सैलच येणार. ते सैल यावं हेच बरोबर आहे.

यात एक गोष्ट नवशिक्यांना उलटी वाटते. अशा भरणीत मधुमेहाचा निकालही माहिती म्हणून वापरावा लागतो, नाहीतर इन्सुलिन आणि मधुमेह यांचं नातं फिकं पडतं. मग मघाची ती चलाखी कशाला वाईट म्हटली? कारण इथे उद्देश नातं समजून घेण्याचा आहे आणि निकाल हा अनेक धाग्यांपैकी एक आहे, तोही चिठ्ठ्यांच्या अनिश्चिततेसह. नव्या माणसाचं भाकीत करायचं असेल तर तिथे निकाल वापरता येत नाही. शिवाय भरणीचे सगळे नियम शिकायच्या ओळींवरूनच ठरवावे लागतात. परीक्षेसाठी बाजूला ठेवलेल्या ओळी त्यात मिसळायच्या नाहीत.

गाळणं की भरणं या वादात तिसरा मार्ग विसरला जातो. या तक्त्यात एक विशेष आहे. कातडीची जाडी जिथे मोजलेली नाही तिथे इन्सुलिनही जवळजवळ कुठेच नाही, आणि इन्सुलिनची भोकं सर्वांत जास्त. ब्रिटिश संख्याशास्त्रज्ञ ब्रायन रिप्ली यांनी हा तक्ता वापरताना इन्सुलिनचा रकानाच काढून टाकला आणि मग पूर्ण असलेल्या ओळी घेतल्या. त्या ५३२ निघाल्या. एक उभा रकाना दिला आणि १४० आडव्या ओळी परत मिळवल्या.

या तक्त्यापुरतं मला विचाराल तर मी असं करेन. मधुमेहाचं भाकीतच हवं असेल तर इन्सुलिन सोडून द्यावं. दवाखान्यात ते सहसा मोजलं जात नाही आणि निम्मं गहाळ असलेल्या रकान्यावर उभं केलेलं भाकीत तिथे टिकणार नाही. प्रश्न इन्सुलिनबद्दलच असेल तर पन्नास तक्ते भरावेत आणि सोबत ३९२ ओळींचं उत्तरही छापावं, म्हणजे दोन्हींत किती अंतर आहे ते वाचणाऱ्याला दिसेल. अंतर मोठं असेल तर आकडे का गहाळ झाले याचा शोध आधी घ्यावा लागेल. आणि कोणत्याही पाहणीचा निष्कर्ष वाचताना तुम्हीही दोन आकडे शोधा, सुरुवातीला माणसं किती होती आणि शेवटच्या हिशेबात किती उरली. हे दोन्ही दिलेले नसतील तर त्या टक्केवारीवर विसंबू नका.